टोकावर उभा चौरस

अन्याय झाला तो माझ्या सहा वर्षांच्या भाचीवर. जानेवारी २०२१, शाळा बंद, नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या घरातलं जेवणाचं टेबल हाच वर्ग. बाईंनी स्क्रीनवर एका टोकावर उभा चौरस दाखवला. भाची म्हणाली, पतंग. त्या आठवड्यातच निरोप आला: आकारांत मागे आहे, पुढच्या वर्षी त्याच वर्गात ठेवण्याचा विचार आहे, शुक्रवारी बोलू.

तिचे बाबा, माझे भावजी, पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. त्यांनी लगेच तिच्याकडून चौरसाची व्याख्या घोकून घेतली. चार बाजू समान, चार काटकोन. पोरीनं ती घडाघडा म्हटली आणि पुन्हा त्या चित्राला पतंगच म्हटलं. भावजींचा आवाज चढला. मी तिथेच राहून प्राथमिक शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. मी म्हटलं, ती मागे नाही, पहिल्या पायरीवर आहे. त्यावर टोमणा: "तुझे पुस्तकी सिद्धांत कॉलेजात सांग. इथे वर्ष जातंय तिचं."

वर्ष जात होतं, खरंच. पण व्याख्येनं ते वाचणार नव्हतं. लहान मूल आधी आकार तोंडावळ्यावरून ओळखतं. दारासारखा दिसला की आयत. मग बाजू-कोपरे तपासू लागतं. चौरस हाही एक आयतच, हे त्याहून पुढचं. मधली पायरी वयानं आपोआप येत नाही, हाताळून येते. आणि स्क्रीनवरचा आकार हाताळता येतो का?

मी खोके कापून लहान-मोठे, तिरके-सरळ आकार केले. तिनं ढीग लावले. टोकावरचा चौरस पतंगांत गेला.

"का गं?"

"चौरस बसलेला असतो, मावशी."

मी काही सुधारलं नाही. सरबताच्या नळ्या आणि त्या जोडायला माती दिली, चौरस बनव म्हटलं. चारही नळ्या एकाच मापाच्या लागतात हे तिचं तिला कळलं. कागदाचा काटकोनी कोपरा दिला. तो ती दिसेल त्या कोपऱ्यात बसवून बघू लागली.

शुक्रवारी बाईंनी तेच चित्र पुन्हा दाखवलं. भाची भावजींकडे बघू लागली. भावजींचे ओठ व्याख्या पुटपुटत होते. मी बाईंना म्हटलं, तिच्या हातात पुठ्ठा देते, मग विचारा. त्या नाखुशीनं हो म्हणाल्या. पोरीनं पुठ्ठ्याचा चौरस टोकावर उभा धरला, मग टेबलावरून न उचलता सावकाश फिरवला. थांबली. चारही कोपऱ्यांत कागद बसवून पाहिला.

डचमध्ये म्हणाली, "हा तोच आहे. फक्त वळलाय."

बाईंनी माफी मागितली नाही. निर्णय उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलला, एवढंच. आणि तोवर सगळ्याच मुलांच्या घरी पुठ्ठे पाठवायचं कबूल केलं. वरच्या वर्गांसाठी 'प्रत्येक चौरस आयत असतो का?' हा वादाचा खेळही मी सुचवला. तो नंतर, म्हणाल्या. बरोबरच होतं ते.

तुमच्या घरात असं मूल असेल तर आज एक चौरस कापा. त्याच्या हातात द्या. आणि मूल तो फिरवेपर्यंत तुम्ही तोंड बंद ठेवा.