अंगणातली हिरवी खुर्ची

आमच्या लातूरच्या अंगणातली पांढरी प्लास्टिकची खुर्ची हिरवी पडली, त्याचं खापर मी दोन-तीन पावसाळे सुनेच्या माथी फुटू दिलं. खरं काय ते आता लिहून ठेवतो.

खुर्ची बायकोची. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून सकाळच्या उन्हात तिथं बसून ती शेंगा सोलायची. एकदा उठली तर साडीवर मागून हिरवा पट्टा! तेव्हापासून तिनं अंगणात बसणंच सोडलं. सुनेला बोलायची, "अगं, खुर्ची आत घ्यायला हात झडतात का तुझे?"

सून रोज खुर्ची आत ठेवायची. बाहेर काढायचो मी. झाडांना पाणी घालताना वाकायला नको म्हणून खुर्चीवर बादली ठेवायचो आणि तशीच ओली, टाकीच्या सावलीत सोडून यायचो.

मग घासणंही माझंच. आमच्याकडे नळाचा काही भरवसा नाही, त्यामुळे कपडे धुतल्याचं साबणपाणी जपून ठेवायचो आणि त्यानंच खुर्ची धुवायचो. हातात भांड्यांची तारेची घासणी. वरून चांगलं पाणी ओतणं जिवावर यायचं. खुर्ची पांढरी व्हायची आणि थोड्या दिवसांत पुन्हा बुळबुळीत हिरवी. चिडून मी आणखी जोर लावायचो. पाठ धरायची, खुर्ची खरबरीत व्हायची, पुढच्या खेपेला घासणीचे चरे काळे पडलेले.

यंदा पाऊस सरल्यावर बायको म्हणाली, "देऊन टाका ती भंगारात."

सून शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "मामा, एकदा मी बघते."

तिनं साबण लावून मऊ ब्रशनं हिरवं काढलं आणि खुर्ची धुतली. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, गाळ बसू दिला आणि हातमोजे घालून वरचं निवळ पाणी काळ्या डागांवर लावलं. मी घाईनं संडासाचं ॲसिड घेऊन आलो.

"मामा, ते लांब ठेवा! दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो."

थोडा वेळ मुरू देऊन ती म्हणाली, "आता चांगलं पाणी लागेल. साबणाचा थर राहिला की त्यावर धूळ बसते, अन् शेवाळ तिथंच धरतं."

मी टाकीतलं पाणी काढून दिलं. उन्हात वाळल्यावर खुर्ची पांढरी दिसली. चऱ्यांत मात्र काळसर रेघा राहिल्याच.

"आता तरी आत ठेवत जा गं," बायको सुनेला म्हणाली.

"ती ठेवतेच," मी म्हणालो. "बाहेर मीच ठेवायचो. त्या रेघाही माझ्याच घासणीच्या."

बायको मला म्हणाली, "अन् इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होती का?"

सून ब्रश धूत होती. बायको खुर्चीत बसली, जरा वेळानं उठली आणि पाठमोरी होऊन सुनेलाच म्हणाली, "बघ गं, लागलं का काही?"

"न्हाई, आत्या. साफ हाय."

"मग बस इथं. मी दुसरी खुर्ची मागवते." माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही आणा. अन् बादली खाली ठेवा."