मखमलचा हात

त्याला सगळे मखमल म्हणायचे, आणि हे नाव त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. त्याच्या हातातला वस्तरा गालावरून फिरायचा तेव्हा गिऱ्हाईक चक्क घोरायला लागायचं. गळ्याशी धारदार पातं असताना माणूस झोपतो, याहून मोठं प्रशस्तिपत्र न्हाव्याला कोण देणार? दुकान बापाचं, हातही बापानेच घडवलेला. म्हाताऱ्याने त्याला दाढी शिकवली ती स्वतःच्या तोंडावर. पोरगा नवशिका असताना बापाने कितीतरी ओरखडे निमूट सोसले, वर "दाब कमी, बाकी बरंय" एवढंच म्हणाला.

तर असा हा मखमल. एके दिवशी एका जाड मानेच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याच्या घाटीवरून वस्तरा नेत असताना ते गिऱ्हाईक खोकलं. खोकतात माणसं, त्यात काय एवढं? याने सवयीने हात उचलला, कुठे खरचटलंसुद्धा नाही. पण त्याच्या डोक्यात आलं, आपला हात उचलला गेला नसता तर? आणि पाठोपाठ आणखी एक भलता विचार आला, आपणच जरा दाबला तर?

झालं. छातीत धडधड सुरू झाली, तळव्यांना घाम फुटला, बोटं थरथरली. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराला हाक मारली. या कारागिराचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं, म्हणून त्याला पोपट म्हणत.

"पोपट, यांना जरा घे रे. मला एक फोन करायचाय."

फोनबिन काही नव्हता. मागच्या बोळात जाऊन तो भिंतीला टेकला आणि बघता बघता धडधड थांबली. अहाहा! इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सुटलो, वाटलं. बाजूला झालो म्हणून त्या माणसाचा गळा वाचला, वाटलं.

गाढवाला कोण सांगणार, की गळा वाचायचाच होता! खुर्चीपाशी थांबला असता तर हात आपोआप स्थिरावला असता, दाढी झाली असती, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं असतं, आणि काहीही होत नाही हे त्याच्या मनाला कळलं असतं. पण थांबलाच नाही, तर कळणार कसं? मनाने भलताच हिशेब मांडला. संकट होतं, पळालो, वाचलो. म्हणजे पुढच्या वेळी आणखी लवकर पळायचं.

पुढच्या वेळी तो लवकर पळाला. आधी जाड मानेची गिऱ्हाइकं पोपटकडे गेली, मग अनोळखी, मग सगळ्याच दाढ्या. वस्तरा गेला तरी भीती जागची हलली नाही. ती मानेमागचे केस कोरताना आली, मग कानाजवळ कात्री नेताना. शेवटी मखमलच्या हातात फक्त मशीन उरलं, तेही प्लॅस्टिकची फणी लावलेलं. आणि एक दिवस तेही ठेवून तो गल्ल्यावर जाऊन बसला. घरी बायकोने कांदा चिरायला घेतला की हा स्वयंपाकघरातून उठून जायचा. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी ते सुटणं आधीपेक्षा थोडं कमी टिकायचं.

"मालक, तुमच्या हाताला झालंय तरी काय?" पोपट विचारायचा.

"संधिवात," मखमल सांगायचा. थाप मारण्यात मात्र त्याचा हात जराही कापत नसे.

हे असंच रेटलं गेलं असतं. पण म्हाताऱ्याला झटका आला. डावी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. दुकानामागच्या खोलीत त्याची खाट टाकली. जन्मभर सकाळी उठल्याबरोबर गुळगुळीत दाढी करून बसणारा माणूस तो. जरा शुद्धीवर आल्यावर त्याने स्वतःच्या गालावरून उजवा हात फिरवला आणि मुलाकडे बघितलं.

"दाढी," तो म्हणाला.

"पोपटला पाठवतो, बाबा."

"तो नको. तू."

"उद्या करतो."

आणि 'उद्या' म्हटल्याबरोबर मखमलच्या छातीवरचा दगड उतरला. या एका शब्दावर त्या माणसाने कितीतरी आठवडे काढले. तिकडे म्हाताऱ्याची दाढी वाढत गेली. वाकड्या ओठातून पेज सांडायची ती केसांत वाळायची. खाली कातडी लाल होऊन खाज सुटायची. पोपट वस्तरा घेऊन दोनदा खोलीत गेला, दोनदा म्हाताऱ्याने तोंड फिरवून घेतलं. हट्ट म्हणा हवं तर. पण ज्याच्यासाठी स्वतःचं तोंड ओरबाडून घेतलं, त्याच्याकडून एक दाढी मागितली तर त्यात त्याचं काय चुकलं?

बायको एक दिवस भडकली. "अहो, गावभर तुमचा हात मखमल, आणि सख्ख्या बापाला अस्वलासारखं ठेवलंय! लाज कशी वाटत नाही?"

तेव्हा मखमल हमसाहमशी रडला आणि खरं काय ते बोलला. बाई तोंडाची तिखट असली तरी डोक्याने शहाणी. दुसऱ्याच दिवशी त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर साधा माणूस होता. "गळा कापायचा विचार येतो म्हणजे तुम्हाला तसं करायचंय, असं नाही," तो म्हणाला. "उलट तसं होऊ नये म्हणूनच तुम्ही इतके घाबरता. भीती चढते, पण तिथेच थांबलात तर ती उतरते. तुम्ही मात्र ऐन चढावर पळता. मग मन म्हणतं, पळालो म्हणून वाचलो. आपल्याला थांबायला शिकायचंय. आधी फुग्याला फेस लावून तो वस्तऱ्याने काढा. मग स्वतःची दाढी. मग माझी करा, इथेच. मग वडिलांची."

"तुमची?" मखमलचे डोळे विस्फारले.

"का? मला काय दाढी येत नाही?"

घरी जाऊन मखमलने फुगे आणले. बायको दाराशी बसून बघायची. फेस लावायचा, वस्तरा फिरवायचा, एकही फुगा फुटायचा नाही. ती बिचारी हरखून गेली. पण वस्तऱ्यात पातं कुठे होतं! लबाडाने ते आधीच काढून खिशात टाकलेलं असायचं. स्वतःची दाढीही तशीच, फेस निघायचा, खुंट तसेच राहायचे. ते तो नंतर गपचूप मशीनने काढायचा. दवाखान्यात जाऊन सांगायचा, "जमतंय, डॉक्टर. अजिबात भीती वाटत नाही." कशी वाटेल? भीतीला त्याने दाराबाहेरच ठेवलं होतं.

मग डॉक्टरची पाळी आली. डॉक्टर खुर्चीत मान मागे टाकून बसला आणि नवं पातं त्याने मखमलच्या देखत वस्तऱ्यात घातलं. उजवा गाल झाला. मखमल घामाने निथळत होता, पण झाला. वस्तरा गळ्याशी आला आणि बोटं थरथरायला लागली.

"भीती चढतेय ना?" डॉक्टर शांतपणे म्हणाला. "चढू द्या. हवं तर वस्तरा ठेवा, पण खोली सोडू नका. फक्त माझ्याजवळ उभे राहा."

मखमलने वस्तरा ठेवला आणि खोली सोडली.

बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या पेशंटना दारातून एक गाल साफ आणि दुसरा फेसाने माखलेला डॉक्टर दिसला. "थांबा, अहो, थांबा!" तो ओरडत होता. कुणीतरी फिस्सकन हसलं. तोवर मखमल जिन्याखाली पोचला होता, आणि तिथे पायरीवर बसून तो हायसं वाटून चक्क हसला. त्यानंतर डॉक्टरचे फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. दवाखान्याच्या रस्त्याने जाणंही सोडलं. बायकोला म्हणाला, "तो डॉक्टर अर्धवट आहे."

"हो, अर्ध्या तोंडाचा," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

एका सकाळी मागच्या खोलीतून वाटी पडल्याचा आवाज आला. मखमल धावत गेला. म्हाताऱ्याने उजव्या हाताने कसाबसा तोंडाला साबण फासला होता आणि जुना वस्तरा काढून स्वतःच दाढी करायला घेतली होती. लुळ्या गालाला लागलं होतं. फेसातून रक्ताची रेघ हनुवटीपर्यंत आली होती. इतके महिने मखमल ज्याच्यापासून पळत होता, ते समोर होतं, बापाच्या तोंडावरचं रक्त. आणि ते त्याच्या हाताने नव्हे, त्याचा हात नव्हता म्हणून निघालं होतं.

म्हाताऱ्याने वस्तरा त्याच्यापुढे धरला. एकेक शब्द ओढत बोलला.

"रक्त निघालं. मेलो का मी? कर आता."

मखमलच्या कानात घण पडायला लागले. एकच पाऊल होतं खाटेपर्यंत. त्याने वस्तरा घेतला, फेसावर टेकवलाही.

"आलोच, बाबा. तुरटी आणतो."

तुरटी उशाशीच होती. मखमल दुकानात गेला, पोपटला आत पाठवलं आणि बोळात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. धडधड थांबली. पोपटने रक्त पुसलं, तुरटी लावली. वस्तरा उचलला तेव्हा म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसानंतर त्याने दाढीचं नाव काढलं नाही. मुलाशीही तो बोलला नाही. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि म्हातारा गेला.

न्यायच्या आधी प्रेताला आंघोळ घातली. बायको कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "दाढी तेवढी राहिली." पोपट उठला, तेवढ्यात मखमलने त्याच्या हातातून वस्तरा घेतला. खाटेशी बसला, फेस लावला आणि दाढी करायला लागला. हात जराही कापला नाही. गाल झाले, वाकड्या ओठाचा कोपरा झाला, घाटीवरून पातं एका ओढीत खाली आलं. कुठे ओरखडा नाही, खुंट नाही. जमलेली माणसं श्वास रोखून बघत होती.

"याला म्हणतात मखमल," मागून कुणीतरी हळूच बोललं.

मखमलने वर बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा उजळला होता. "अगं, गेली," तो बायकोला म्हणाला. "माझी भीती गेली."

"मेलेल्याला काय लागणार आहे?" ती म्हणाली आणि वाटी उचलून धुवायला घेऊन गेली.

सुतक संपल्यावर दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक जुनं होतं. त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि म्हणालं, "मखमल, आज तुझ्याच हातची हवी बाबा." मखमलने फेस लावला, पातं बदललं, वस्तरा उचलला. त्या गळ्याखाली एक शीर उडत होती.

"पोपट," तो म्हणाला, "यांना जरा घे रे."