सव्वासहा टक्क्यांचा अर्ज

जळगावात आमचा शेती अवजारांचा कारखाना होता. नांगर, कोळपी, पाभरी तयार व्हायच्या आणि मी स्टोअर सांभाळायचो. एका दिवाळीत धुळ्याचे मेहुणे आले. तेही अशाच कारखान्यात होते. सहज दोघांनी पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवल्या. त्यांचा प्रॉव्हिडंट फंड आठ टक्क्यांनी कापला होता, माझा सव्वासहा टक्क्यांनी. माझं डोकंच फिरलं. कपात कमी म्हणून आनंद कसला? आपण जेवढे भरतो तेवढेच मालकाला आपल्या नावावर भरावे लागतात. म्हणजे मालक दर महिन्याला माझ्या म्हातारपणाच्या पैशांवर हात मारत होता.

मी अकाउंट्स ऑफिसला अर्ज लिहिला. ‘माझ्या पगाराच्या स्लिपवर प्रॉव्हिडंट फंडाची कपात सव्वासहा टक्क्यांनी झालेली दिसते. तरी हा दर तपासून योग्य दर लेखी कळवावा, ही विनंती.’ अकाउंटंटना सगळे नाना म्हणायचे. नानांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“माझा पगार जास्त कापा म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला!”

ऑफिसभर हशा पिकला. दुपारपर्यंत बातमी कारखान्याच्या शॉपमध्ये पोहोचली आणि लेथवरचे लोक माझ्याशी बोलेनासे झाले. घरी कमी पैसे न्यावे लागणार ते याच्यामुळे, एवढंच त्यांना कळलं. मालकाचा वाटा समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. ज्याच्या फायद्याचं बोलावं त्यानेच तोंड फिरवलं की किती संताप येतो!

आठवड्याने उत्तर आलं. आठ टक्के दर पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला लागतो. आपल्या मस्टरवर अठ्ठेचाळीस माणसं आहेत, म्हणून कपात बरोबर आहे.

उत्तर हातात घेऊन मी स्टोअरच्या दारात उभा होतो. समोर आबा नांगरांना लाल रंग देत बसले होते. नऊ वर्षं ते तिथेच बसत होते. दर शनिवारी नाना त्यांना व्हाउचरवर पैसे द्यायचे, व्हाउचरवर नुसतं ‘रंगकाम’ लिहायचे. गाड्यांवर माल चढवणारा एक गडीही तसाच. मस्टरवर दोघेही नाहीत, म्हणून फंडातही नाहीत. मी उत्तर मोठ्याने वाचलं. आबांनी ब्रश डब्यात ठेवला.

“भाऊ, मंग मी कोन शे?”

 आठ टक्के राहू देत बाजूला, आधी या माणसाचं नाव मस्टरवर चढलंच पाहिजे, असं मी ठरवलं. त्याच संध्याकाळी सगळी हकीकत लिहून फंडाच्या ऑफिसला पाठवली. आबा रोज विचारायचे, “कागद उना का?” त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. काम सुटलं तर हातात काय, ही एकच काळजी त्यांना होती.

बऱ्याच महिन्यांनी इन्स्पेक्टर आले. त्यांनी मस्टर पाहिलं, मग शॉपमध्ये येऊन माणसं मोजायला लागले. अठ्ठेचाळीस झाली. आबांपाशी येऊन ते थांबले.

“कधीपासून आहात इथे?”

आबांनी मान खाली घातली. “मी आजच उनू, साहेब.”

मी ओरडलो, “नऊ वर्षं झाली यांना!” इन्स्पेक्टर म्हणाले, “लेखी काही आहे?” व्हाउचर नानांच्या कपाटात, आणि त्यावर आबांचं नावच नाही. मी लेथकडे पाहिलं. एकानेही तोंड उघडलं नाही. एवढ्या भेकडपणाची चीड मला अजून येते. माल चढवणाऱ्यानेही तेच सांगितलं. आजच आलो.

नंतर कळलं, मागच्या वर्षांचा फंड भरावा लागू नये म्हणून सकाळी गेटवरच नानांनी दोघांना गाठलं होतं. आज आलो म्हणालात तर आजपासून मस्टरवर नाव, नाहीतर उद्यापासून काम बंद. आबांना मस्टरवर नावच तर हवं होतं. त्यांच्यावर मी रागवू तरी कसा?

इन्स्पेक्टरनी दोघांना धरून पन्नास माणसं लिहिली. पन्नास झाली म्हणून आठ टक्के दर लागू झाला, आमच्या सगळ्यांना. मालकाचा वाटाही वाढला. ते कळल्यावर लेथवरचे लोक पुन्हा माझ्याशी बोलू लागले.

पुढच्या पगाराला आबांना आयुष्यातली पहिली स्लिप मिळाली. वाचता येत नव्हतं, म्हणून ती घेऊन ते माझ्याकडे आले. नवीन माणूस एक वर्ष नोकरी झाल्याशिवाय फंडाचा सभासद होत नसे, हा तेव्हाचा नियम. स्लिपवर त्यांचं नाव होतं, नोकरीला लागल्याची तारीख होती, इन्स्पेक्टर आले त्या दिवसाची, आणि फंडाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

“वाच ना, भाऊ,” आबा म्हणाले. “मना कितला कापा?”