शाल शेजारणीची होती

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली चाल आहे. माणूस उपासनेनंतर उभा राहतो, आपल्यावर आलेलं संकट थोडक्यात सांगतो आणि मग देवाने ते कसं निभावून नेलं हे सविस्तर सांगतो. शेवट आभाराने करायचा. आभार मानले नाहीत तर लोक चुळबुळ करतात आणि पुढच्या बाकावरचं कुणीतरी खोकतं. या चालीविरुद्ध मी काही बोलले असते तर नगरच्या मिशन कंपाउंडात मला चहाही मिळाला नसता. पण याच चालीपायी मी आफ्रिकेत जुलैच्या थंडीत सुती पातळावर कुडकुडले आणि तो राग अजून माझ्या अंगात आहे.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिकडे शिक्षिका, नर्सेस हव्या होत्या; मी नैरोबीच्या एका शाळेत शिकवायला निघाले. माझ्याआधी आमच्यातले दोघेतिघे जाऊन आले होते. त्यांच्या साक्षी मी कान देऊन ऐकल्या होत्या. 'प्रभूने वाट काढली', 'प्रभूने भाकरी पुरवली', 'प्रभूने ऊब दिली.' आफ्रिका म्हणजे ऊन, एवढंच मला भूगोलातून ठाऊक, म्हणून आईने बांधून दिलेली घोंगडी मी घरीच ठेवली. नैरोबी उंचावर आहे, जून ते ऑगस्ट तिथे आभाळ भरलेलं असतं आणि दुपारीसुद्धा बोटं गारठतात, हे एकाही साक्षीत नव्हतं. ऊब देवाने दिली असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यापुरती शाल शेजारणीची होती.

करार संपवून मी परत आले, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या मासिकासाठी लेख मागितला. मासिकाचं संपादन तेच करीत. विषय त्यांनीच दिला: परमुलखातले पहिले महिने. मी एका बैठकीत लिहून काढलं आणि लिहिताना दात खाऊन लिहिलं. त्या देशात माणुसकी नाही. तिथले आपले व्यापारी आपल्याच माणसाला हिंग लावून विचारत नाहीत. अन्नाला चव नाही. मी रोज रडले. स्टेशनवर मला बाकावरून उठवलं. असं पानामागून पान. वाचून मलाच फार बरं वाटलं. जखमेवरची खपली काढताना वाटतं तसं.

पाळकसाहेबांनी लेख ठेवून घेतला. मग एके दिवशी माझ्या शाळेच्या दारात कोल्हारची एक आई येऊन उभी राहिली. मागे तिची मुलगी. मुलगी आमच्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स झालेली, तिला नैरोबीच्या एका इस्पितळाचं बोलावणं आलेलं. बोटीचं ठरत आलं होतं. आई बाकावर बसलीच नाही.

"बाई, तुमी आसं काय लिवलंय वं? पाळकसायब आमच्याकडं प्रार्थनेला आल्ते. त्यांनी तुमचा कागद वाचून दावला. म्हनले, बायबलात रानात देवावर कुरकुर करनारी मानसं हायेत, ती कशी आस्तात ते बघा. मालकांनी ते ऐकलं अन पोरीचं जानं बंद म्हनले. आता पोर जेवंना झालीय."

मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छापायला दिलेला लेख हा माणूस खेडोपाडी दाखला म्हणून वाचून दाखवतो! तशीच तरातरा निघाले आणि पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हा लेख मी छापणार नाही. मंडळीला यातून काय मिळणार? तुम्ही आभाराचा लिहा. हवं तर मी सुधारून देतो." आणि त्यांनी सुधारलेला कागद पुढे केला. माझी थंडी, माझी भूक, माझं रडणं, सगळं त्यांनी दोन ओळींत गुंडाळलं होतं आणि खाली आभारांचा अर्धा पानभर मळा फुलवला होता.

तो कागद वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि ती मला मुळीच आवडली नाही. पाळकसाहेबांचा लेख वाचून ती मुलगी सुती पातळात बोटीवर चढली असती. माझा लेख ऐकून ती चढतच नव्हती. शालीचं नाव दोन्हींत नव्हतं. थंडी वाजली एवढं मी लिहिलं होतं, पण कुठल्या महिन्यात वाजते, काय न्यावं, याचा पत्ता नव्हता. इतकी पानं भरून मी त्या पोरीला एक कामाची ओळ दिली नव्हती.

"मीच पुन्हा लिहिते," मी म्हटलं. "पण आभाराची साक्ष होणार नाही. आणि यापुढे माझा कागद छापून आल्याशिवाय कुठे वाचायचा नाही."

"महिनाअखेरीला मजकूर छापखान्यात जातो," ते म्हणाले. मुलीच्या बोटीआधीचा तो शेवटचा अंक होता.

मुलीला मी माझ्याकडे ठेवून घेतलं. माझा जुना लेख तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "एकेक वाक्य वाच. वाचून तू काय करशील ते सांग. काही करता येणार नसेल तर मी खोडते." तिने वाचलं, "या देशात माणुसकी नाही." मग थांबून म्हणाली, "यावर मी काय करू, बाई?" खोडलं. खोडताना हात जड झाला, कारण ते वाक्य मला फार आवडलं होतं.

"अन्नाला चव नाही" याचं काय करायचं ते मात्र तिने बरोबर ओढून काढलं. चव नाही म्हणजे काय? ज्वारी मिळत नाही. मग काय मिळतं? मक्याचं पांढरं पीठ. भाकरी होते का? होते, पण गार पाण्याने मळलं तर तव्यावर टाकताना तुटते. उकळतं पाणी घालून मळायचं, थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि जाड थापायची. हे मला कुणी शिकवलं? शेजारच्या गुजराती दुकानदाराच्या बायकोने. शालही तिचीच. आणि याच लोकांना मी हिंग लावून विचारत नाहीत म्हणून धुतलं होतं! एका घरमालकाने खोली नाकारली, त्याचा राग मी साऱ्या बाजारावर काढला होता. दोन्ही गोष्टी लिहिल्या: खोली मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्याची सोय निघण्यापूर्वी इस्पितळाकडून लेखी मागून घ्यावी, आणि शेजाऱ्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलावं, मी बोलायला फार वेळ लावला.

मग माझ्या पेटीचा प्रश्न आला. मोंबासाच्या बंदरावर माझी पेटी हरवली, तिच्यात माझी प्रमाणपत्रं होती, आणि त्यावर मी एक पानभर शिव्याशाप लिहिले होते. मुलगी घाबरून म्हणाली, "सगळ्यांच्याच पेट्या जातात?" जात नाहीत. माझी गेली. तेव्हा ठरवलं की प्रत्येक गोष्टीपुढे हे सर्वांचं की माझ्या एकटीचं, ते स्पष्ट लिहायचं. पेटीचं पान गेलं आणि तिथे एवढंच राहिलं: पेटी हरवणं हे माझं नशीब होतं, पण प्रमाणपत्रं पेटीत ठेवू नका, कापडी पिशवीत घालून अंगावर बाळगा आणि नकला घरी ठेवून जा. इस्पितळातल्या कामाबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. मी शाळेत होते. तेही लिहिलं की ठाऊक नाही. पाळकसाहेबांच्या मासिकात 'ठाऊक नाही' हे शब्द त्याआधी कधी छापले गेले असतील असं मला वाटत नाही.

"मी रोज रडले" हे मी खोडायला निघाले, तर मुलीनेच हात धरला. "हे राहू द्या. पण केव्हा थांबलं ते लिहा." तिकडे नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला तेव्हा, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यात थांबलं. बोटीने पत्राचं उत्तर यायला फार दिवस लागतात, तोवर घरच्यांनी टाकलं असं वाटत राहतं. म्हणून उत्तराची वाट न पाहता दर आठवड्याला लिहावं आणि घरच्यांनाही तसंच सांगून जावं. पोस्टाच्या दिरंगाईपायी मी आईवर केवढी रागावले होते!

शेवटी राहिला स्टेशनचा बाक. नैरोबीच्या स्टेशनवर मी एका रिकाम्या बाकावर टेकले, तर टोपीवाल्या माणसाने बोटाने खूण करून मला उठवलं. तो बाक गोऱ्यांचा होता. हिंदी लोकांचा बाक दूर होता आणि तिथल्या मूळच्या माणसांना मी कुठल्याच बाकावर पाहिलं नाही. पाळकसाहेबांना लेख दाखवला तेव्हा बाकीचं सगळं त्यांनी मुकाट्याने ठेवलं, पण या जागी पेन्सिल टेकवली. "बाई, तुमचाच नियम. ज्यावर काही करता येत नाही ते खोडायचं. यावर ती मुलगी काय करणार?"

नियम माझाच होता. पण मग मी जे बोलले ते मुलीला न्यायला आलेल्या, बाहेर ओटीवर बसलेल्या तिच्या आईलाही ऐकू गेलं असणार. "पाळकसाहेब, मला उठवलं तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकलं. पातळ मळलं असेल, बसण्याची रीत नसेल. कित्येक महिने मी कुठेही बसण्याआधी स्वतःकडे पाहत होते. तुमच्या एकाही साक्षीवाल्याने मला सांगितलं नाही की हे सगळ्यांना होतं! तेही उठले असतील ना? मग बोलले का नाहीत? लाज वाटली म्हणून आभार मानले!"

मिशनच्या गोऱ्या मडमसाहेबही मासिक वाचतात, असं ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, वाचू द्या. मग मी तिथेच बसून ती जागा पुन्हा लिहिली. माणुसकीवरचं भाषण काढलं, टोपीवाल्याला दिलेली विशेषणं काढली. उरलं ते असं: 'स्टेशनवर, टपालात आणि दवाखान्यात बसण्याच्या जागा रंगावरून वाटलेल्या आहेत. नकळत दुसरीकडे बसलात तर तुम्हाला उठवतील. तुमची काही चूक झाली म्हणून नव्हे. याला उपाय मला सापडला नाही.'

पाळकसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. लेख तसाच छापला, खाली आभार न घालता. उपासनेनंतर तो वाचून दाखवला तेव्हा शेवटी कुणी खोकलं नाही. उलट बायका उठून विचारायला लागल्या, पीठ किती वेळ झाकायचं, मिरच्या मिळतात का. साक्षीनंतर प्रश्न विचारलेले मी जन्मात पाहिले नव्हते. मुलीच्या वडिलांनी लेख दोनदा वाचून घेतला आणि मुलीला घोंगडी घेऊन दिली.

ती गेली. बऱ्याच दिवसांनी तिची आई पुन्हा माझ्या दारात आली, हातात परदेशी तिकिटाचं पाकीट. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचू लागले. घोंगडी उपयोगी पडली. भाकरी तिसऱ्या दिवशी जमली. इस्पितळात रात्रपाळी आधी देतात, हे पुढच्या वेळी लेखात घाला. आणि मग: 'बाई, मलाही टपालकचेरीत बाकावरून उठवलं. मी उठले. पण मी पातळाकडे पाहिलं नाही, त्या माणसाकडे पाहिलं. अजून माझं रक्त उकळतंय.'

मी कागदावरून वर पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला होता.

"रडतीया का वं ती?"

"नाही," मी म्हटलं. "रागावलीय."

आईने पदर खाली घेतला. "मंग बरी हाय," ती म्हणाली.