दोनदा तुटलेला फोन

कुडाळच्या एमआयडीसीत मी बुकिंगचं सॉफ्टवेअर विकायचो. आमचे साहेब या कामातले महापंडित. गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं झालं की दोन तासांत त्याला मेल गेलाच पाहिजे: तुमच्या गरजा या, पुढे करायचं ते हे, काही राहिलं असल्यास कळवा. मेलचा साचा त्यांनी स्वतः बनवला होता आणि त्याचा त्यांना पोटच्या पोरापेक्षा जास्त अभिमान होता.

तोंडवलीच्या एक बाई चार खोल्यांचा होमस्टे चालवायच्या. बुकिंगच्या साइटवर खोली आरक्षित व्हायची, इकडे घरी सासू दारात आलेल्या पाहुण्यांना तीच खोली देऊन मोकळी. गेल्या दिवाळीत एक कुटुंब बॅगा घेऊन अंगणात उभं राहिलं, तेव्हा बाईंनी त्यांना स्वतःची खोली दिली. पुन्हा तसं झालं तर धंदा बंद करावा लागेल, असं त्या मला म्हणाल्या. हे सांगताना फोन दोनदा तुटला. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, थांबा, वर चढतंय. फोन स्पीकरवर होता, मी आणि साहेब हसलो. असल्या गिऱ्हाइकांना ऑनलाइन धंदा करायचाय म्हणे.

मी साचा भरला. 'आरक्षणांचे एकत्रित व्यवस्थापन', 'पाहुण्यांचा समृद्ध अनुभव'. समृद्ध हा शब्द बाईंनी उच्चारलाही नव्हता. शेवटी गुरुवारी अकराला व्हिडिओवर डेमो. त्यांनी हो म्हटलं नव्हतं, पण साच्यात ती ओळ होती.

गुरुवारी बाई डेमोला आल्याच नाहीत. गिऱ्हाईक गंभीर नाही, असा निकाल देऊन साहेब जेवायला गेले. दुपारी बाईंचाच फोन आला, मागे वारा घोंगावत होता.

"भाऊ, तुमचो मेल आत्ता टेंबार येवन वाचलंय," त्या म्हणाल्या. "फोन दोनदा तुटलो, तां तुमच्या यादीत खंय आसा? माज्या घरात रेंज नाय. साइटवर खोली गेली तां माका हयसर इल्यावरच कळता. तवसर सासू खोली देवन बसता."

मला माझीच चीड आली. वाडीत ब्रॉडबँडची केबल आलेली नव्हती आणि आमचं सॉफ्टवेअर इंटरनेट गेलं की ठोकळ्यासारखं बसायचं. बाई रेंजसाठी टेंबाची टेकडी चढत आपली गरज सांगत होत्या आणि आम्ही दोन शहाणे आवाज नीट येत नाही म्हणून वैतागत होतो.

साहेबांना न विचारता मी नवा मेल लिहिला. तुमच्या घरात रेंज नाही. म्हणून साइट आणि दार यांचा मेळ बसत नाही. आमचं सॉफ्टवेअर रेंजशिवाय चालत नाही, तेव्हा ते घेऊ नका. एक खोली साइटवरून काढा आणि ती फक्त दारात येणाऱ्यांसाठी ठेवा; बाकीच्या तीन दारात कुणाला देऊ नका.

साहेबांनी माझी यथेच्छ हजामत केली. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं: "आता बरोबर आहे."

त्या नोकरीत मी शेकडो मेल पाठवले. बरोबर आहे असं कुणी कळवलेला तो एकच, आणि त्यात विकायला काहीच नव्हतं.