तीन दिव्यांचा पांढरा

आमच्या हौशी नाट्यमंडळात मी अकरा वर्षं प्रकाशयोजना केली, आणि अकराही वर्षं पत्रकावर माझ्या नावापुढे ‘साहाय्य’ एवढंच छापलं गेलं. बाराव्या वर्षी मी ठरवलं होतं की हे चालणार नाही. वहीत कामांच्या यादीत तो मुद्दा पहिला होता, दिवे पुसण्याच्याही आधी.

दिग्दर्शक खुलताबादचे. पोटापाण्याला दुकानांच्या पाट्या रंगवत. रंग त्यांना हाताच्या रेघांसारखे पाठ. त्या वर्षीच्या नाटकाचा शेवट भर सकाळी होता, पांढऱ्या लख्ख उजेडात. हॉलमधल्या चार स्पॉटलाइटपैकी एक उडालेला. उरलेल्या तिघांवर आधीच्या प्रवेशांसाठी लाल, हिरवा आणि निळा जिलेटिनचा कागद लावलेला. प्रयोगात मध्येच शिडी लावून कागद काढायला वेळ नव्हता.

“तिन्ही एकदम लावते. पांढरा होईल,” मी म्हणाले.

“ताई, तुम्ही शाळंत विज्ञान शिकवता, व्हय ना?”

“हो.”

“मग पोरींचं कसं व्हायचं?” त्यांनी पायाशी ठेवलेला डबा काठीनं ढवळला. उरलेसुरले रंग ते एकाच डब्यात ओतत आणि नव्या पाटीला पहिला हात त्याचाच देत. डब्यात कायम मळकट तपकिरी लगदा असे. “लाल, हिरवा, निळा, समदं हाय यात. दिसतो का पांढरा? तीस वर्षं कालवतोय मी.”

वर त्यांनी स्वतःच प्रयोग करून दाखवला. तिघांतला एक स्पॉट खाली उतरवून त्याच्यासमोर तिन्ही कागद एकावर एक धरले. पडद्यावर अंधारच. तालमीला आलेले सगळे हसले.

“बगा. तपकिरीबी नाय. नुसता काळा. उद्या दुपारपासून लाईट माझा मेव्हणा बगंल. तुम्ही कपडेपटाला या.”

मी पुंडलिकनगरला घरी आले आणि वहीत ‘कपडेपट’ लिहून लगेच खोडलं. रागात मी फार नीट काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, मेव्हण्याच्या आधी, हॉल उघडायला लावला. खिडक्यांचे पडदे ओढले. शिडी मीच धरली, मीच चढले. तीन स्पॉट वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून तिघांचे झोत मागच्या पांढऱ्या कापडावर एकाच जागी आणले.

दिग्दर्शक दहाला आले, डबा घेऊनच.

“इथं बसा,” मी म्हणाले. “आणि मध्ये बोलू नका.”

आधी लाल. त्यावर हिरवा चढवला. कापड पिवळं झालं.

“पिवळा कुठून आला? पिवळा कागद तर न्हाईच आपल्याकडं.”

“मध्ये बोलू नका म्हटलं ना.”

निळा लावला. तो कागद गर्द होता, उजेड फार कमी सोडायचा. त्यामुळे कापड पिवळट राहिलं. मागं दिग्दर्शक खाकरले. निळा पूर्ण वर ठेवून मी उजेड कमीजास्त करायच्या डिमरवर लाल आणि हिरवा हळूहळू खाली आणले. पिवळटपणा विरत गेला आणि कापड पांढरं झालं. धुतलेल्या धोतरासारखं नसेल, पण सकाळ म्हणून खपावं इतकं.

मग मी सांगितलं, जसं सातवीच्या वर्गाला सांगते तसं. काल तुम्ही एकाच दिव्यापुढे तीन चाळण्या धरल्या. लाल कागदानं फक्त लाल उजेड पुढं सोडला, हिरव्यानं तोच अडवला, निळ्यापर्यंत काही पोचलंच नाही. डब्यातले रंगही तेच करतात. प्रत्येक जण उजेडातला आपापला वाटा गिळतो. सगळे कालवले की परत येणारा उजेड थोडाच, तोही मळका. इथं तीन दिवे आहेत. कुणी कुणाचं गिळत नाही, प्रत्येक जण आपल्याकडचा उजेड घालतो.

ते उठले आणि डबा हातात घेऊन कापडापुढं उभे राहिले. त्यांच्या तीन सावल्या पडल्या. लाल अडला तिथं निळसर हिरवी, हिरवा अडला तिथं गुलाबी, निळा अडला तिथं पिवळी. ते हात हलवत राहिले, लहान पोर अंगणात खेळावं तसे.

“ह्या सावल्या लई भारी,” ते म्हणाले. “शेवटी नायक इथंच उभा करू. तुम्ही करा लाईट.”

“नाही करत.”

“आता काय झालं?”

“पत्रकावर ‘साहाय्य’ आहे. मला ‘प्रकाशयोजना’ हवं.”

“पत्रकं छापून आली, ताई.”

“मग मेव्हण्याला बोलवा.”

मी डिमर खाली ओढले. हॉल काळोखा झाला. मी डिमरवरचा हात हलवला नाही.

प्रयोगाच्या दिवशी हॉलबाहेर त्यांच्या हातची पाटी टांगलेली होती. वर ‘प्रकाशयोजना’ आणि माझं नाव पांढऱ्या जाड अक्षरांत, अक्षरांमागं त्याच डब्यातल्या तपकिरीचा हात. रंग अजून ओला होता. मी वहीतला पहिला मुद्दा खोडला आणि दिवे पुसायला गेले.