तिसऱ्या ओळीतली चूक

हिशेब खात्यातल्या ताईंना पाठीमागे सगळे ‘भिंग’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नाही, असं त्या चहाच्या टेबलावर निदान आठवड्यातून एकदा ऐकवत.

त्या महिन्यात ताळमेळ घेताना खोकी पुरवणाऱ्या काकांची तीन बिलं जुळेनात. नव्या साहेबांचा पारा चढला. “लबाड आहे हा माणूस. सगळं पेमेंट थांबवा, दुसरा पुरवठादार बघू!”

काकांच्या वर्कशॉपमध्ये चार माणसं. त्यांचे पगार याच पेमेंटवर अडले होते.

ताईंनी ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल शेजारी शेजारी मांडलं. पहिल्या दोन बिलांत काकांचं चुकलं होतं. तिसऱ्यात मात्र तिन्ही कागद जुळत होते, फरक फक्त आपल्याच वहीत, सत्तावीसशेचा. फरकाला नऊने पूर्ण भाग जातोय, म्हणजे लिहिताना बहुधा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल! नोंद कुणाची, ते पाहिलं. स्वतःचीच. ताईंचे कान तापले, तरी त्यांनी साहेबांना ते सांगितलं आणि काकांना मेल लिहायला घेतला.

“आपली चूक मेलमध्ये कशाला? गुपचूप दुरुस्त करा,” साहेब म्हणाले.

मोह झाला, खोटं कशाला बोला. पण ती ओळ गाळली असती तर ऑफिसच्या लेखी काका तिन्ही बिलांत लबाडच राहिले असते. ताईंनी लिहिलं:

“नमस्कार. खालील तीन बिलांच्या रकमा जुळत नाहीत. सर्व रकमा कराआधीच्या आहेत.

| बिल | बिलाची रक्कम | आमची नोंद | योग्य रक्कम | कारण |
|---|---|---|---|---|
| २१२ | ९,५०० | ८,५०० | ८,५०० | ५०० खोकी. ऑर्डरचा दर १७, बिलात १९ |
| २१९ | १०,२०० | ९,८६० | ९,८६० | बिल ६०० खोक्यांचं, मिळाली ५८० |
| २२७ | १६,३२० | १३,६२० | १६,३२० | तुमचं बिल बरोबर. आकडे माझ्याकडून उलटे पडले |

पहिल्या दोन बिलांसाठी एकूण १,३४० कमी केल्याची क्रेडिट नोट, त्यावरच्या करासह, कृपया पाठवावी. तिसरी नोंद मी आज दुरुस्त केली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

तासाभरात फोन वाजला.

“ताई, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि भांडायलाच निघालो होतो,” काका म्हणाले. “तिसरी वाचली, मग म्हटलं, आधी आपली फाइल तर काढू. नवा दर पुढच्या ऑर्डरपासून होता, बिलं करणाऱ्या पोरीने त्या एका बिलाला चुकून आधीच लावला. वीस खोकी इथेच पडून आहेत. क्रेडिट नोट पाठवतोय.”

नोट आली. साहेबांनी तक्ता दोनदा वाचला आणि पेमेंटला मंजुरी दिली. ताईंना इतकं हलकं वाटलं की चहात साखर घालायची राहूनच गेली.

संध्याकाळी साहेब खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसले. आवाज एकदम खाली. “ताई, माझी एक नोंद आठवडाभर जुळत नाहीये. सांगायची लाज वाटत होती. जरा बघता?”